रविवार तुझा

१२ जानेवारी

मायना लिहीत नाहीये. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, आणि नुसतं नाव लिहिलं तर कोर्टाची नोटीस वाटेल. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

ऑगस्टपासून तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, राग आहे, उतरेल. तुझे रुसवे मी लहानपणापासून पाहिलेत, भूक लागली की स्वयंपाकघरात हजर. या वेळी मात्र भूकही लागेना तुला. मावशीच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून फोन ठेवून दिलास. आईचा आवाज ऐकून फोन ठेवणारा मुलगा मी वाढवला, हे मला माहीत नव्हतं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि तू परगावी लिफ्ट बसवायला गेलेला असताना मी त्यांना उचलून रुग्णांची देखभाल करणाऱ्या सेंटरमध्ये नेऊन ठेवलं. तुला न विचारता. बरोबर? आता माझं ऐक.

अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलायची म्हणजे काय, तुला ठाऊक आहे? आधी लांबचा गुडघा वाकवायचा, मग खांदा आणि कंबर एकाच वेळी आपल्याकडे ओढायची. नुसता खांदा ओढला तर कमरेखालची चादर घासते आणि कातडी सोलते. हे मी रोज करत होते, दिवसातून कितीतरी वेळा, पडद्यांच्या दुकानातून धावत येऊन. पाणी पातळ दिलं की ते त्यांच्या श्वासनलिकेत जायचं, म्हणून पावडर कालवून घट्ट करायचं आणि चमच्याने भरवायचं. एकदा बाथरूमच्या दारात त्यांचा तोल गेला आणि ते माझ्या अंगावर बसले. शेजारचा येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच, मी खाली, ते वर. तू कुठे होतास? तू सुट्टीला यायचास, पलंगाच्या कडेला बसायचास आणि म्हणायचास, “बाबा आज फ्रेश दिसतायत.” फ्रेश दिसत होते, कारण तुझ्या येण्याआधी मी त्यांची दाढी केलेली असायची.

आणि तू काय केलंस? भर दुपारी दुकानात आलास. कटिंगवाली समोर, गिऱ्हाईक समोर, त्या बाईच्या हातात अस्तराचा नमुना, आणि तू ओरडलास, “नवऱ्याला अडगळीत टाकलंस आणि पडदे शिवत बसलीस!” त्यावर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. गेलं. रागात माणूस बोलतो. तुमच्या बाळाचं मला नीटसं माहीतही नव्हतं, हे तुला आणि तुझ्या बायकोला दोघांनाही कळायला हवं.

तरीही तुला काही लागलं असेल, तर मी सॉरी म्हणते. मी म्हटलं. आता तुझी पाळी.

हे पत्र मावशी घेऊन येईल. तिच्यासमोर वाच आणि उत्तर तिच्याच हाती दे, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला नको.

आई
(अजून तरी)


१ फेब्रुवारी

आलं तुझं उत्तर. उत्तर कसलं, फोनवरचा निरोप. “पत्र वाचलं. हे माफीचं पत्र नाही, तक्रारीचं आहे. मावशीला मध्ये आणू नकोस. मला वेळ हवाय.”

वा! लिफ्टच्या आत तुम्ही लोक असलंच काहीतरी चिकटवता ना? दरवाजाला टेकू नका, अतिभार टाळा.

तक्रार नको तर काय हवं होतं? ‘सॉरी’ स्पष्ट लिहिलं होतं की नाही? ‘तुला काही लागलं असेल तर’ म्हटलं, यात काय चुकलं? लागलं की नाही ते मला कसं कळणार, तू बोलतच नाहीस तर! मावशी म्हणाली, तू तिला दारातच उभं ठेवलंस. माझ्या पाठच्या बहिणीला. तिच्या गुडघ्यांची अवस्था तुला माहीत आहे आणि तुझ्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्या घरची लिफ्ट बंद, आणि आई कशी वागते त्यावर भाषण.

माझी तब्येत विचारली नाहीस, तरी सांगते. रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास करून घेऊ नका. मी म्हटलं, त्रास देणाऱ्याला सांगा. उद्या मला काही झालं तर तू धावत येशील, माझी खात्री आहे. तेव्हा मात्र मी डोळे उघडून बघणार नाही.

‘वेळ हवाय.’ घे वेळ. वेळ काय माझ्या कपाटात ठेवलाय! बाबांच्याकडे तो किती आहे ते मात्र कुणालाच माहीत नाही, एवढं लक्षात ठेव.

ऐकलंय, रविवारी तू सेंटरमध्ये जातोस. सिस्टरने सांगितलं. म्हणजे बाबांसाठी वेळ आहे. अडगळीत यायला आवडतं तर.

आई


१७ फेब्रुवारी

परवा जे झालं त्याचा दोष तू मला देणार, म्हणून आधीच लिहिते.

मी रविवारी मुद्दाम आले नव्हते. बाबांच्या खोलीतला पडदा आखूड आहे. दुपारचं ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांवर येतं आणि त्यांना मान वळवता येत नाही. मी माप घ्यायला आले होते. माझ्या पर्समध्ये टेप होती, तू पाहिलीस.

तू पलंगाजवळ बसून त्यांची नखं कापत होतास. मला बघितलंस आणि नेलकटर खिशात टाकलंस, जणू चोरी करताना सापडलास.

“तू रविवारी का आलीस?”

“पडद्याचं माप घ्यायला.”

“रविवारी माप?”

“मग काय, पडद्याला सुट्टी असते?”

मला वाटलं होतं, तू हसशील. पूर्वी हसायचास. तू उठलास. मी दारात उभी होते, आणि हो, मी बाजूला झाले नाही. तू म्हणशील मी वाट अडवली. दार अरुंद आहे, मी काही अरुंद नाही.

मी एवढंच म्हटलं, “बस जरा. पाच मिनिटं. आई आहे मी तुझी.” यात काय वाईट होतं?

तू आवाज न चढवता बोललास, त्यापेक्षा ओरडला असतास तर बरं झालं असतं. “तू लिहिलंस, तुला बाळाचं माहीत नव्हतं.”

“नीटसं नव्हतं.”

“ती स्वतः तुझ्या दुकानात आली होती. तुला स्वतःच्या तोंडाने सांगून गेली. त्यानंतर तू गिऱ्हाइकासमोर मला म्हणालीस, ‘तुझं मूल राहिलं नाही ते बरंच झालं, तू कसला बाप झाला असतास.’ आणि आता म्हणतेस, माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, मी विसरले असेन. या वयात विसरायला होतं.

तू निघालास. बाबांनी डाव्या हाताने तुझी बाही धरली. त्यांच्याकडे आता एकच शब्द उरलाय, ‘चल’. भूक लागली तरी चल, दुखलं तरी चल. ते “चल, चल” म्हणत राहिले आणि तू त्यांचं एकेक बोट सोडवलंस. हळू सोडवलंस, ते मी पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, “रविवार माझा होता. तोही घेतलास.”

मी काही घेतलेलं नाही. सेंटर तुझ्या नावावर नाही. मी त्यांची बायको आहे, कुठल्याही वारी येईन.

तू गेल्यावर ते रडायला लागले. सिस्टर म्हणाली, पक्षाघातानंतर रडू लवकर येतं, मेंदूचं असतं ते, प्रत्येक वेळी दुःखच असतं असं नाही. मी तिला म्हटलं, बरं.

आई


१२ मार्च

मावशीबाई,

मी तुला पत्राचा मसुदा नुसता नजरेखालून घालायला पाठवला होता, आणि तू तो तांबड्या पेन्सिलीने रंगवून परत पाठवलास. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्यास, निवृत्त झालीस तरी हात शिवशिवतोच. समासात लिहिलंयस, ‘ताई, यातले पण मोज.’ मी मोजले नाहीत. मी ते काढले. ‘मी चुकले पण’, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं पण’, ‘तू माझा मुलगा आहेस पण’. सगळे काढल्यावर कागदावर काय उरलं सांगू? मी चुकले. एवढंच. ते इतकं उघडंबोडकं दिसायला लागलं की मी कागद उलटा करून ठेवला.

आता मी तुझ्याशी भांडते, कारण त्याच्याशी भांडायची तू बंदी घातलीस.

तू म्हणतेस, तब्येतीचं काढ. का काढू? रक्तदाब खोटा आहे का? “खरा आहे, म्हणूनच काढ,” असं तू लिहिलंस. “तुझ्या आजारपणाला घाबरून तो आला, तर तो आजारपणाला भेटायला आला, तुला नाही.” हे तुझं वाक्य मला आवडलं नाही. दिवसभर डोक्यात राहिलं, म्हणून जास्तच आवडलं नाही.

तू म्हणतेस, सेंटरचा विषय या पत्रात नको. म्हणजे त्याने मला नवऱ्याला टाकणारी म्हटलं ते तसंच राहू द्यायचं? तुझं म्हणणं, दोन हिशेब एका पाटीवर मांडले की दोन्ही पुसले जातात. सेंटरबद्दल मला काहीही वाटत असो, त्या वाक्याची किंमत त्यातून वळती करता येत नाही. ठीक. मला ते पटलं नाही, पण मी काढलं. (हा ‘पण’ तुझ्यासाठी आहे, त्याला नाही. पेन्सिल खाली ठेव.)

आणि एक. तू विचारलंस, “तुला खरंच माहीत नव्हतं?” फोनवर विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. कटिंगवाली समोर होती म्हणून नव्हे.

तिने सांगितलं होतं. सून आली तेव्हा मी पडद्याला चुण्यांची पट्टी शिवत होते. तिला बसायला खुर्चीसुद्धा रिकामी नव्हती, ती अस्तराच्या ताग्यावर बसली आणि म्हणाली, “आई, राहिलं नाही.” मी मशीन बंद केली. तिला चहा दिला. जाताना तिने मला विनवलं, “त्यांच्यापाशी विषय काढू नका. ते बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही.”

हे मी विसरेन का, ठकू? त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो दुकानात येऊन ओरडला आणि मला त्याला गप्प करायचं होतं. सगळ्यांसमोर, एका फटक्यात. कुठे मारायचं ते मला माहीत होतं, कारण तिने मला विश्वासाने दाखवलं होतं. माहीत नसताना इतकं नेमकं लागत नाही.

त्या रविवारनंतर तो सेंटरमध्ये गेलेला नाही. सिस्टरला फोन करतो आणि तिला फोन बाबांच्या कानाशी धरायला सांगतो. हे फोनवर काही बोलू शकत नाहीत. ऐकतात आणि दाराकडे बघतात. नखं वाढलीत त्यांची. मी कापायला घेतली तर हात ओढून घेतला. माझ्या हातून नकोत.

मी सिस्टरला विचारलं, “तो कधी येणार म्हणाला?” तिने मला सरळ सांगितलं, “तुम्ही असणार नाही याची खात्री झाली की.” एवढी तोंडाळ बाई मी, पर्स उचलली आणि घरी आले.

तू पत्र पोचवायला पुन्हा जाणार नाहीस म्हणालीस ते बरं केलंस. टपालाने पाठवते. त्याला दारात तुझ्यासमोर वाचायला लावलं, त्याला म्हणे ‘कोंडीत पकडणं’ म्हणतात. मी त्याला ‘खात्री करून घेणं’ म्हणत होते.

मसुदा पुन्हा पाठवणार नाही. तांबडं करायला तुला दुसरं काहीतरी शोध.

ताई


२६ मार्च

बाळा, हा शब्द लिहून मी खोडणार होते. राहू दे.

हे पत्र मी टपालाने पाठवते आहे. मावशीला याबद्दल काही माहीत नाही असं नाही, पण ती तुला विचारणार नाही. मी तिला तसं सांगितलंय.

ऑगस्टमध्ये दुकानात, कटिंगवाली आणि एका गिऱ्हाइकासमोर, मी तुला म्हटलं, “तुझं मूल राहिलं नाही ते बरंच झालं, तू कसला बाप झाला असतास.” हे वाक्य माझं आहे. ते तोंडातून गेलं नाही, मी म्हटलं.

तेव्हा मला बाळाचं माहीत होतं. तुझ्या बायकोने मला स्वतः सांगितलं होतं. जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं की माहीत नव्हतं, ते खोटं होतं. सेंटरमध्ये म्हटलं की विसरले असेन, तेही खोटं. मला माहीत होतं आणि तुला लागावं म्हणूनच मी ते बोलले. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तुझ्यावर फेकली. म्हणजे मी दोघांनाही मारलं.

ते वाक्य खरंही नव्हतं. तू कसा बाप झाला असतास हे मला ठाऊक आहे. ते इथे लिहिणार नाही, लिहिलं तर पुन्हा तुला मनवल्यासारखं होईल.

मला त्याची लाज वाटते. मी माफी मागते. तुला लागलं असेल तर नव्हे. लागलं, म्हणून.

रविवारी मी मुद्दाम आले होते. पडद्याचं माप मी आधीच्या आठवड्यातच घेतलं होतं. तू वेळ मागितला होतास, तो मी दिला नाही आणि दारात उभी राहिले. त्यामुळे बाबांचा रविवार गेला. ती माझी चूक, तुझी नाही.

आता यापुढचं. रविवार तुझा. मी त्या दिवशी सेंटरमध्ये येणार नाही, त्या रस्त्यानेही जाणार नाही. सिस्टरला मी लिहून दिलंय की बाबांची तब्येत एकदम बिघडली तरच रविवारी मला बोलवायचं, आणि बोलवलं तर आधी तुला कळवायचं. तू येऊन गेलास का, हे मी तिला विचारणार नाही. तू आलास म्हणून मी काही समजून घेणार नाही. बाबांकडे येणं म्हणजे माझ्याकडे येणं नव्हे, हे मला कळलंय.

तुझ्या बायकोला मी वेगळं लिहिलेलं नाही. तिला माझ्याकडून काही ऐकायचं असेल तर मी लिहीन. नको असेल तर तिला गाठायचा प्रयत्न करणार नाही. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

बाबांना सेंटरमध्ये ठेवण्याबद्दल तुझ्या मनात जे आहे ते मी ऐकून घेईन, मध्ये न बोलता. मध्ये न बोलणं मला जमत नाही हे तुलाही माहीत आहे. प्रयत्न करीन.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मी पुन्हा लिहिणार नाही, मावशीकडून विचारणार नाही, तुझ्या कामाच्या ठिकाणी येणार नाही. तुला कधी बोलावंसं वाटलं तर पत्ता आणि फोन तोच आहे. भांडायला वाटलं तरी चालेल. यंदा, पुढच्या वर्षी, केव्हाही.

आई


१९ एप्रिल

आई,

पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी ते गाडीच्या खणात ठेवून फिरत होतो.

आधी राग सांगतो. तुला असं पत्र लिहिता येतं, याचाच मला सर्वांत जास्त राग आला. येत होतं तर आधीची तीन कशाला लिहिलीस? ‘आता तुझी पाळी.’ मी ते पत्र लिफ्टच्या यंत्रखोलीत पुन्हा वाचलं आणि दिवसभर माझ्याने धड काम झालं नाही. ब्रेकची फट दोनदा तपासली तरी विश्वास बसेना. आमच्या कामात असा दिवस परवडत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, सांगता येत नाही. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतोय. विचारलं असतंस तर सांगितलं नसतं.

तिने पत्र वाचलं. वाचून उठून गेली. नंतर काय म्हणाली ते तुला सांगणार नाही. तिला तुझं पत्र नकोय. सध्या तरी नकोय. तिला तुला भेटायचं नाही, आणि त्यासाठी तिने कारण द्यायची गरज नाही.

बाबांकडे पुन्हा जायला लागलोय. नखं कापली.

मला जे सलतंय ते तू अजून लिहिलेलं नाहीस. तुझ्याच्याने होत नव्हतं, हे मला कळतं. मी मूर्ख नाही, कूस कशी बदलतात ते मला सिस्टरने शिकवलंय. पण तू मला आधी का नाही विचारलंस? मी परगावी होतो, मेलो नव्हतो. घरी आलो तर पलंग रिकामा, गादी उभी करून ठेवलेली. एक क्षण मला काय वाटलं असेल, तुझ्या डोक्यात येत नाही? त्याचं उत्तर मला पत्रात नकोय. पत्रात तू मसुदे करतेस.

सेंटरसमोर चहाचं दुकान आहे. पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी तिथे असेन. मावशी नको. बाबांबद्दल रडू नको. तिचा विषय काढायचा नाही. मी उठून गेलो तर मागे यायचं नाही.

अडगळ म्हणालो त्याबद्दल मला आत्ता काही बोलायचं नाही.

मी


३० एप्रिल

तू शनिवारी जे बोललास ते मी नीट ऐकलं की नाही, म्हणून लिहून पाठवते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, रिकामा पलंग बघून तुला वाटलं बाबा गेले आणि मी तुला कळवलंसुद्धा नाही. तू जिन्यातच बसलास. शेजारच्याने तुला सांगितलं की ते सेंटरमध्ये आहेत. म्हणजे बापाचा पत्ता तुला शेजाऱ्याकडून कळला. हे बरोबर?

मग तू विचारलंस, “का नाही विचारलंस?”

मी म्हटलं, “तू नाही म्हणाला असतास.”

“मग?”

“मग मला ऐकावं लागलं असतं. किंवा तू नोकरी सोडून आला असतास. दोन्ही मला नको होतं. तू नाही म्हणायच्या आत उरकायचं होतं.”

“म्हणजे माझ्या तोंडावर हात ठेवलास.”

तिथे मला ‘पण’ म्हणायचं होतं. माझ्या जिभेवर होता, तुला दिसला असेल. मी म्हटलं, “हो.”

तू उठलास, खुर्ची इतकी जोरात मागे सारलीस की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने आपला कप उचलून घेतला. तू बाहेर गेलास. मी बसून राहिले. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही, आणि मी नाट्यगृहाचा पडदा एकटीने टांगलेला आहे. काचेतून तू दिसत होतास, रस्त्याच्या कडेला, पाठमोरा, दोन्ही हात डोक्यावर. मला वाटलं गेलाच आता. मी हलले नाही.

परत आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. त्याबद्दल मी काही बोलले नाही आणि आताही बोलत नाही.

तू म्हणालास, “अजून राग आहे.”

मी म्हटलं, “दिसतोय.”

“बराच काळ राहील.”

“राहू दे.”

“आणि तू मध्ये मध्ये बोललीस. दोनदा.”

“तीनदा,” मी म्हटलं, “एकदा तू ओरडत होतास, म्हणून तुला ऐकू गेलं नाही.” तेव्हा तुझ्या ओठांचं काहीतरी झालं. ते हसणं होतं असं मी धरलेलं नाही.

मग निघताना, खिसे चाचपत, माझ्याकडे न बघता तू म्हणालास, “पुढच्या वेळी दुसरीकडे बसू. इथला चहा म्हणजे शिक्षा आहे.”

पुढची वेळ कुठली, ते मी विचारलं नाही. तू सांगशील तेव्हा सांग.

चहा खरंच भयंकर होता. तरी मी कप रिकामा केला, आणि तू बाहेर उभा होतास तेवढ्यात तुझाही संपवला. थंड होत होता.

आई